टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड जास्त चालतेय असं नाही

"टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉइड जोरात चालतेय, गोळी ताबडतोब बंद करा."

हा मेसेज चुकीचा आहे. लॅबमध्ये रोज हे रिपोर्ट तपासते, म्हणून लिहितेय. टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. ते हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बनवते आणि ती थायरॉइडला दिलेली ऑर्डर असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचं हार्मोन सोडून पिट्युटरीला कामाला लावतो, पिट्युटरी टीएसएच सोडते, थायरॉइड टी४ आणि थोडं टी३ ही आपली हार्मोन्स तयार करते. रक्तात ते पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना आवरतं.

आता थायरॉइडच थकली, समजा हाशिमोटो या थायरॉइडच्या आजारामुळे. टी४ घटतं, आवरणारं कोणी उरत नाही, ऑर्डर वाढत जाते. समजा टीएसएच १८ (नॉर्मल साधारण ०.४ ते ४) आणि फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं टी४, ०.६ (नॉर्मल साधारण ०.८ ते १.८). माल कमी पडतोय म्हणून ओरड मोठी. अशा वेळी टी४ पुरवणारी गोळी बंद केली तर टी४ आणखी घटेल.

डोस बदलल्यावर आठवड्याभरात तपासून घाबरू नका. टी४ अर्धं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात.

एक अपवाद: बिघाड पिट्युटरीतच असेल तर टी४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतं. तिथे फ्री टी४च बघावं लागतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.