आठवड्याला पाच हेडर पुरतात का? प्रतिक्रियेला उत्तर

फुटबॉलच्या सरावात तेरा वर्षांखालच्या मुलांना आठवड्याला पाचच हेडर, म्हणजे डोक्याने मारलेले चेंडू, पुरेत, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

«लेख पटला नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी आठवड्याला पाचच हेडर मारून मुलगा काय शिकणार? उद्या मॅचमध्ये कॉर्नर आला की डोळे मिटून डोकं घालेल आणि जास्त लागेल. सराव कमी करून खेळ सुरक्षित होत नाही.»

सर, डोळे मिटून डोकं घालणारा मुलगा धोक्यात असतो, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण त्याचे डोळे जास्त हेडर मारून उघडत नाहीत. कपाळ दुखलं की पुढच्या चेंडूला तो आणखी घट्ट मिटून घेतो.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे एफएने, २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत सरावात हेडिंग नाही. बारा वर्षांखालच्यांना महिन्यातून एका सत्रात जास्तीत जास्त पाच हेडर, तेरा वर्षांखालच्यांना आठवड्यातून एका सत्रात पाच. या आकड्याच्या आत सगळं सुरक्षित, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ही खबरदारी आहे. ग्लासगोच्या २०१९ च्या अभ्यासात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत सुमारे साडेतीनपट आढळले. तो अभ्यास मुलांचा नव्हता. तरीही, मुलाचं डोकं जवळजवळ मोठ्या माणसाएवढं आणि मान मात्र बारीक असते, हे लक्षात घेतलं तर थांबून पाहण्यापेक्षा आकडा कमी ठेवणं मला योग्य वाटतं.

आता तेरा वर्षांखालच्या संघाचे पाच हेडर कसे वापरायचे ते पाहू. हेडरमधलं सगळ्यात अवघड काम म्हणजे चेंडू कुठे पडेल ते ओळखून वेळेवर उडी मारणं, आणि त्याला डोकं लागतच नाही. उंच फेकलेला चेंडू मुलांनी उडी मारून कपाळासमोर दोन्ही हातांनी झेलावा. हे हवं तेवढ्या वेळा करा. झेल डोक्याच्या मागे गेला तर मुलगा चेंडूखाली फार पुढे आलाय, हे तिथेच कळतं.

मग चार नंबरचा चेंडू घ्या, हवा ठरलेल्या दाबाच्या खालच्या टोकाला ठेवा. पहिले दोन हेडर स्वतःच्या हातातून हलकेच उडवून. पुढचे दोन जोडीदाराने तीन-चार मीटरवरून खालून टाकलेल्या चेंडूवर. शेवटचा उडी मारून. हनुवटी आत, तोंड बंद, एक पाय पुढे. चेंडू केसांच्या रेषेखाली कपाळावर लागायला हवा आणि जोर कमरेतून यायला हवा. टाळूवर लागला किंवा मान सैल राहिली तर डोकं झटकन हलतं. असा हेडर पुन्हा मारायला लावू नका, झेलण्यावर परत जा.

मर्यादा मोडते ती बहुतेक नकळत. जोडीने दहा-दहा हेडरचे तीन सेट म्हणजे दहा मिनिटांत तीस हेडर, आणि कोचच्या वहीत नोंद फक्त «एक ड्रिल». कॉर्नरच्या सरावात सगळे चेंडू त्याच एका सेंटर-बॅककडे जातात. म्हणून मोजणी संघाची नको, प्रत्येक खेळाडूची हवी. कॉर्नरची जागा आणि धाव शिकवताना शेवटचा स्पर्श हातांनी झेलूनच घ्या. कुणी डोकं दुखतंय किंवा गरगरतंय म्हणाला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नका आणि डॉक्टरांना दाखवा, मग त्याचा मोजणीतला पहिलाच हेडर का असेना.