काजू-फणसाची ‘कदंबकालीन’ म्हण

“‘दारी काजू, परसात फणस, आजारी न पडे घरचा माणूस’ ही गोव्यात कदंब राजांच्या काळापासून चालत आलेली म्हण आहे. म्हणी तोंडी असतात, पुस्तकात शोधू नका. यमक आणि जुनं व्याकरण बघा, अस्सलपणा लगेच कळतो. आमच्या आजीच्याही तोंडी हेच होतं.”

असा दावा सध्या पुढे पाठवला जातो, माझ्याकडेही आला. तो तपासताना आधी काळाचं बघू. गोव्यात कदंबांचं राज्य साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातलं. काजू मूळचा ब्राझीलचा, तो पोर्तुगिजांनी इकडे आणला, आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला 1510 साली. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य गोव्यात राहून इथल्या झाडाझुडपांवर आणि औषधांवर लिहीत होता. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात काजूचं वर्णन नाही. 1578 साली पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोवाओ दा कोस्ता कोचीच्या बागांमधल्या काजूबद्दल लिहितो. म्हणजे कदंबांच्या प्रजेने काजू पाहिलाच नव्हता, दारी लावणं दूरच.

पण हा पुरावा कुठवर चालतो तेही सांगायला हवं. जुन्या म्हणीत नवी वस्तू शिरू शकते. त्यामुळे काजू बाजूला काढावा आणि उरलेला साचा, म्हणजे दारी एक झाड, परसात दुसरं आणि घरात आरोग्य, आणखी कुठल्या झाडांच्या नावाने मिळतो का ते पाहावं. नुसता परका शब्द दिसला म्हणून म्हण नवी ठरवणंही चूक. ‘नाही निर्मळ जीवन, काय करील साबण’ यातला साबण बाहेरून आलेला आहे, तरी ही ओळ तुकोबांची, सतराव्या शतकातली.

म्हणी तोंडी असतात हे खरं, पण त्या लिहून ठेवणारी माणसंही होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (1831, वाढवलेली आवृत्ती 1857) शब्दाखाली म्हणी दिलेल्या आहेत. मॅनवेअरिंगचा मराठी म्हणींचा संग्रह 1899 चा. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश चाळीसच्या दशकातला. आणि आपल्या गोव्यासाठी सगळ्यांत मोलाचा, मोन्सिन्योर दालगादो यांचा कोंकणी म्हणींचा संग्रह, 1922 साली पोर्तुगालमधल्या कोइंब्रात छापलेला. यांत शोधताना पहिल्या शब्दावर थांबू नये, कारण म्हणीची सुरुवात हमखास बदलते. आधी काजू, मग फणस, मग परस असं एकेक नाम घ्यावं आणि जुनं लेखनही ध्यानात ठेवावं: अंगण आणि आंगण, वाकडे आणि वांकडें. एखाद्या वाड्यावरची किंवा बायकांच्या बोलण्यातली म्हण संग्राहकाच्या कानावर गेली नसेल, हे शक्य आहे. म्हणून संग्रहात नसणं हा नवेपणाचा पुरावा नव्हे. पण सगळ्या गोव्याची आणि शेकडो वर्षांची असा दावा असेल, तर कुठेतरी तिचा माग लागायला हवा.

यमकाने काहीच ठरत नाही. ‘अति तेथे माती’ यात ते आहे, ‘बुडत्याचा पाय खोलात’ यात नाही. ‘न पडे’ असं क्रियापद तर आज कोणीही लिहू शकतं. त्यापेक्षा म्हणीची रूपं मोजा. तोंडात फिरलेली म्हण झिजते आणि फाटे फोडते: कोणी ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणतं, कोणी ‘उथळ पाणी खळखळे फार’. काजू-फणस मात्र माझ्याकडे जिथून आली तिथून एकाच शब्दक्रमात, त्याच स्वल्पविरामांसह आली. शिवाय ती घरोघरची गोमंतकीय असेल तर तिचं कोंकणी रूप कुठे आहे? आपल्याकडे पोथी, कीर्तन, शाळा मराठीत चालत आली, पण परसातलं बोलणं कोंकणीतलंच.

राहिली आजीची साक्ष. 1940 साली जन्मलेल्या आजीने ती लहानपणी ऐकली असेल, तर म्हण त्या काळापर्यंत मागे जाते, कदंबांपर्यंत नाही. आणि साक्ष घेण्याची एक रीत असते. “ही म्हण ठाऊक आहे का?” असं विचारलं की मायेपोटी होकारच येतो. अर्धी म्हण सांगून गप्प बसावं. फोंड्याकडच्या एका मावशींसमोर मी ‘उथळ पाण्याला’ म्हटलं, त्यांनी पुढचं जोडलंच आणि ते कोणाबद्दल म्हणायचे तेही सांगितलं. ‘दारी काजू, परसात फणस’ म्हटल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “कितें तें?” कोणाला, कधी, कशावरून म्हणायचे हे आठवणं महत्त्वाचं, कारण खरी म्हण प्रसंगाला चिकटून स्मरणात राहते.

एका मावशींवरून निकाल लागत नाही. कोणाकडे हिचं कोंकणी रूप, जुन्या वहीतली नोंद किंवा मोबाईल येण्याआधीचं छापील पान असेल, तर ते सालासह दाखवावं. मग ‘अमुक सालापासून मिळणारी म्हण’ असं मी स्वतः लिहीन. तोवर ती पुढे पाठवताना कदंबांचं नाव काढून टाका.