नागीण: घड्याळ बुधवारी रात्री सुरू होतं, आपण रविवारची वाट बघतो

पावसाळा संपत आला की व्हॉट्सॲपवर हमखास एक फोटो फिरतो. कुणाच्या तरी बरगडीवर लाल पट्टा, त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस, आणि खाली प्रश्न: "नागीण आहे का? उतरवणारं कुणी माहीत आहे का?" खालच्या उत्तरांत काव, गेरू, चुना, कडुलिंब, कुठल्याशा गावातले बाबा आणि "तोंड-शेपूट जुळू देऊ नका" असा गंभीर इशारा. या सगळ्यात वेळेबद्दल कुणी काही बोलत नाही. माझं भांडण मुख्यतः त्याच्याशी आहे.

आधी ही नागीण येते कुठून ते पाहू. ती कुणाच्या नजरेने येत नाही, उष्णतेने येत नाही, गादीवरून काही चालून गेल्यानेही येत नाही. ती आपल्याच अंगात, बहुतेक वेळा लहानपणापासून, मुक्काम ठोकून असते. कांजिण्या येतात तेव्हा फोड सुकतात, खपल्या पडतात आणि आपण म्हणतो की मूल बरं झालं. मूल बरं झालेलं असतं, पण विषाणू अंगातून गेलेला नसतो. तो त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तातून मागे सरकत पाठीच्या कण्यालगतच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. कण्यातून डावी-उजवीकडे मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात आणि यातल्या बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी संवेदना वाहणाऱ्या पेशींची एक छोटी गाठ असते. तिथे हा विषाणू चाळीस-पन्नास वर्षं गप्प राहू शकतो. त्याला गप्प ठेवतात त्या आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. वय पन्नाशीच्या पुढे गेलं, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, एचआयव्ही असला, की हा पहारा सैल होतो. मग एखाद्याच गाठीतला विषाणू जागा होतो आणि तिथून निघालेल्या तंतूवरून त्वचेकडे उतरतो.

कांजिण्या आणि नागीण यांचं हे नातं एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या गावच्या डॉक्टराने नीट मांडलं. सायरनसेस्टरला प्रॅक्टिस करताना सोळा वर्षं नागिणीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवून त्याने 1965 साली सांगितलं की नागीण म्हणजे जुन्या कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होणं. पुढे 1984 मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि नंतर आलेल्या नागिणीतला विषाणू प्रयोगशाळेत ताडून पाहिला, तेव्हा तो तोच निघाला.

"पण मला कांजिण्या आल्याच नव्हत्या!" असं बरेच जण म्हणतात. आपल्याकडे जुन्या पिढीत गोवर, कांजिण्या आणि देवी यांची सरमिसळ सर्रास होती. शिवाय दहा-बारा फोड येऊन गेलेल्या सौम्य कांजिण्या कुणाच्या लक्षात राहतात?

आता ते तोंड-शेपूट. पट्टा कण्यापासून सुरू होतो, बरगडीच्या कडेने वळतो आणि पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मधल्या रेषेशी थांबतो. थांबतो याचं कारण सरळ आहे: तो तंतू शरीराच्या त्या अर्ध्या भागापुरताच असतो. डाव्या गाठीतला विषाणू डाव्या बाजूलाच उतरतो. म्हणजे "जुळू नये" म्हणून केलेला प्रत्येक उपाय यशस्वी होणारच, कारण एरवीही ती जुळत नसते. उतरवणाऱ्याची ख्याती यावरच उभी आहे. फोड सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते, कुणी काही केलं नाही तरी. क्वचित, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात दोन्ही बाजूंना फोड येतात. तिथे धोका खरा असतो, पण तो पट्टे जुळल्याचा नाही. विषाणू अंगभर, फुप्फुसात किंवा मेंदूत पसरण्याचा आहे, आणि त्यावर उपाय रुग्णालयात शिरेतून औषध देण्याचा आहे.

एक उदाहरण दिवसवार लावून बघू. समजा, 63 वर्षांच्या एक मावशी आहेत. सोमवारी डाव्या स्तनाखालून पाठीपर्यंत जळजळ सुरू झाली. मधेच सुई टोचल्यासारखी कळ. ब्लाउजचा काठ लागला तरी सहन होईना. त्वचेवर मात्र काहीच नाही. छातीत डावीकडे दुखतंय म्हणून ईसीजी काढला, तो ठीक आला. हे अगदी योग्यच केलं, तो काढायलाच हवा. मग गॅसची गोळी आणि मलम. (हेच दुखणं उजवीकडे बरगडीखाली असतं तर पित्ताशयाची सोनोग्राफी झाली असती, कमरेत असतं तर मुतखड्याची.) पुरळाआधी दोन-चार दिवस असं दुखणं ही नागिणीची जुनी खोड आहे. एकाच बाजूला, पट्ट्यात, आणि कपड्याच्या नुसत्या स्पर्शानेही झोंबणारं दुखणं असेल, तर रोज आरशात पाठ बघायला हवी.

बुधवारी रात्री लाल चट्टे दिसले. घड्याळ इथे सुरू झालं. गुरुवारी सकाळी चट्ट्यांवर फोडांचे झुपके आले. शेजारीण म्हणाली, नागीण आहे, उतरवणारा रविवारी बसतो, तीन वेळा जावं लागेल. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हावं असं धरतात, म्हणजे मावशींची मुदत शनिवारी रात्री संपते. रविवारची पहिली फेरीच त्यानंतरची आहे. गेरूने फार बिघडतं असं नाही. चुन्याने मात्र कातडी भाजते आणि लेपाखाली जखम पिकूही शकते. खरं नुकसान त्या वाया गेलेल्या दिवसांचं असतं.

मुदत उलटली तरी नवे फोड येतच असतील, वय जास्त असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर औषध देतात. तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये.

औषध म्हणजे ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर. मूत्रपिंड ठीक असलेल्या मोठ्या माणसाला ॲसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, अशी देतात. हिशेब 35 गोळ्यांचा. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री अकरा. गाडं अडतं ते इथेच: दुपारची गोळी राहते, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की पाचाच्या तीन होतात. हे जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम दिवसातून तीनदाच घ्यावी लागते, सात दिवसांच्या 21 गोळ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही आधी सांगायचा, कारण मग मात्रा कमी करावी लागते. ती केली नाही तर म्हातारं माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागतं आणि घरच्यांना वाटतं नागीण डोक्यात गेली. पाणी भरपूर प्यायचं. आणि दुकानातून आणलेली याच औषधाची क्रीम? भांडण मज्जातंतूत चाललंय, मलम कातडीवर लागतंय. नागिणीत तिच्यावर पैसे घालवू नयेत. स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचं मलम तर नकोच.

फोड फोडायचे नाहीत. रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचं (आंघोळ बंद करायचं काही कारण नाही), कोरडं करून सैल सुती कपडा घालायचा. दह्याचं, आंबटाचं पथ्य ज्याला पाळायचं त्याने पाळावं. विषाणूला त्याचं काही नाही.

प्रत्येक जळजळणारी रेघ नागीण नसते, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येणारा एक बारीक, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा किडा अंगावर चिरडला की त्याच्या रसाने सकाळी लाल, भाजल्यासारखी रेघ उठते आणि तिच्यावर बारीक फोड येतात. हॉस्टेलांमध्ये एकाच आठवड्यात पाच मुलांना "नागीण" होते ती बहुधा हीच. फरक ओळखता येतो. किड्याच्या रेघेआधी दोन-चार दिवसांचं दुखणं नसतं, ती मधली रेषा मानत नाही, आणि कोपराच्या किंवा मानेच्या घडीत दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे समोरासमोर डाग उमटतात.

पट्टा धडावर असेल तर थोडा तरी वेळ असतो. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, कारण नाकाच्या शेंड्याकडे जाणारा तंतू डोळ्याकडेही जातो. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं तरी तसंच. आणि पंचविशी-तिशीतल्या माणसाला मोठी नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

त्वचा भरली की बहुतेकांचं काम संपतं. काहींचं संपत नाही. तीन महिने उलटूनही त्याच पट्ट्यात आग, झिणझिण्या, पंख्याचा वारा लागला तरी कळ. विषाणूने तंतूलाच इजा केलेली असते. वय जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त. विषाणूविरोधी गोळ्यांनी फोड लवकर सुकतात, सुरुवातीचं दुखणं कमी होतं. पण पुढचं दुखणं त्यांनी नक्की टळेल अशी हमी कुणी देऊ नये. साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्याला फारशा लागू पडत नाहीत. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूवरची औषधं लहान मात्रेपासून हळूहळू वाढवत द्यावी लागतात. त्यांनी झोप येते, तोल जातो, म्हणून सुरुवातीचे दिवस म्हाताऱ्या माणसाने रात्री एकट्याने बाथरूमला उठू नये.

हे टाळायचा सगळ्यात भरवशाचा उपाय लस आहे, आणि ती 2023 पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. चाचण्यांमध्ये तिने दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांची नागीण टाळली. महाग आहे, दंड दोन दिवस ठणकतो, ताप येऊ शकतो. नागीण उठलेली असताना ती औषध म्हणून चालत नाही. त्वचा पूर्ण बरी झाल्यावर घ्यायची. नागीण एकदा झाली म्हणजे पुन्हा होत नाही, हाही गैरसमजच आहे.

राहिला घरातला नेहमीचा प्रश्न: लागण होते का? नागिणीपासून नागीण होत नाही. पण फोडातल्या पाण्याशी संपर्क आला, तर ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत किंवा लसही मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पट्टा झाकून ठेवायचा, टॉवेल वेगळा, हात धुवायचे. लस न मिळालेलं तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं माणूस आणि गरोदर बाई यांच्यापासून तेवढे दिवस लांब राहायचं. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल आणि तिला कांजिण्या आल्याचं कुणालाच आठवत नसेल, तर फोड उठायची वाट न बघता तिच्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. रक्ताच्या तपासणीत कळतं की तिच्याकडे संरक्षण आहे की नाही, आणि नसेल तर द्यायचं इंजेक्शन संपर्कानंतर दहा दिवसांच्या आतच द्यावं लागतं.