आणखी वेळ हवा आहे का?

पैसे मागायला गेल्यावर आधी समोरच्याचा चेहरा वाचावा, मग घसा खाकरावा आणि शेवटी विषयाला हात घालावा, अशी माझी आजवरची पद्धत आहे. एटीएमला चेहरा नसतो, त्यामुळे ही सगळी विद्या त्याच्यापुढे वाया जाते. बँकेने कार्ड दिल्यापासून ते कपाटात साड्यांच्या घडीखाली सुरक्षित होते आणि माझ्या मते तीच त्याची योग्य जागा होती. परंतु लेक सुट्टीला आली आणि तिने ते बाहेर काढून मला यंत्राकडे नेण्याचा निर्णय परस्पर घेऊन टाकला.

पिन ठरवण्यावरून आमची जुंपली. माझी सूचना अशी होती की, आमची विहीर खोदली ते साल पिन म्हणून ठेवावे, म्हणजे ते या जन्मी विसरणार नाही. त्यावर लेक म्हणाली, "अप्पा, ते साल विहिरीच्या कठड्यावर कोरलेले आहे. पाणी प्यायला येणारा प्रत्येक माणूस ते वाचून जातो." जन्मसालही तिने असेच उडवून लावले. मुळात चारच अंक का, याचेही तिच्याकडे उत्तर होते. 1967 साली लंडनमधल्या एन्फिल्ड भागात असे एक यंत्र बसवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या मनात आधी सहा अंक होते, पण त्यांच्या पत्नीने आपल्याला चारच लक्षात राहतात असे सांगितले आणि चारवर शिक्कामोर्तब झाले, असे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितले. हे ऐकून त्या माउलीबद्दल माझ्या मनात फार आदर निर्माण झाला.

यंत्रात कार्ड कसे घालायचे हे त्या खाचेशेजारच्या चित्रात दाखवलेले असते. सोनेरी चिप वर आणि पुढे ठेवून कार्ड आत सरकवायचे. मी ते घातले आणि वस्तू आपली असल्यामुळे लगेच परत ओढू लागलो, तेव्हा लेकीने माझा हात धरला. काही यंत्रांत कार्ड घालून लगेच काढायचे असते, तर काहींत चिप वाचून होईपर्यंत यंत्र ते आत धरून ठेवते. हे यंत्र दुसऱ्या जातीचे होते. आपले कार्ड परक्याच्या तोंडात अडकले आहे आणि आपण त्याच्यापुढे हात बांधून उभे आहोत, ही अवस्था मला अजिबात पसंत पडली नाही.

भाषा निवडून झाल्यावर पिन मागितला गेला. लेक पाठ फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "एका हाताने बटणे झाका आणि दुसऱ्या हाताने दाबा." मी बटणे अगदी नीट झाकली, फक्त सवयीप्रमाणे प्रत्येक अंक मोठ्याने म्हणत दाबला. लेकीला एकाएकी जोराचा खोकला आला. पडद्यावर अंकांऐवजी फुल्या उमटत होत्या आणि मी दाबले तेच लागले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. लागोपाठ तीनदा पिन चुकला तर कार्ड बंद पडते, हे तिने नेमके याच वेळी सांगावे, हा तिचा आईकडून आलेला गुण आहे.

खरा घोळ पुढे झाला. पडद्यावर "चालू" आणि त्याखाली "बचत" असे दोन पर्याय आले आणि त्यांच्यासमोरचे बटण दाबायचे होते. मी उंच असल्यामुळे मला "बचत" या शब्दासमोर एक बटण दिसत होते आणि लेकीला, ती माझ्या खांद्याला लागत असल्यामुळे, दुसरेच दिसत होते. ती म्हणे खालचे, मी म्हणे वरचे. मी गुडघ्यात वाकून पाहिले तेव्हा तिचे म्हणणे खरे ठरले. पडदा जाड काचेच्या बराच मागे बसवलेला असतो आणि बटणे काचेच्या पुढच्या कडेला असतात. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला अक्षरे वर सरकलेली दिसतात. म्हणजे उंच माणसाने एटीएमपुढे थोडे नम्र व्हावे लागते. हा शोध लागेपर्यंत मी आमचे बचत खाते "चालू" म्हणून नोंदवून मोकळा झालो होतो. रक्कम घातल्यावर यंत्राने क्षणभर विचार केला आणि व्यवहार नाकारल्याचे कळवून कार्ड सोडले.

"गेले पैसे!" मी म्हणालो. लेकीने शांतपणे मोबाइल पाहिला. पैसे कापल्याचा संदेश आला नव्हता, तरीही तिने पुन्हा कार्ड घालून आधी शिल्लक तपासायला लावली. ती जशीच्या तशी होती. पैसे न मिळता शिल्लक कमी झाली असती, तर यंत्राला बुक्के न मारता पावती जपून ठेवायची आणि बँकेत तक्रार करायची, असे तिने सांगितले. बुक्क्यांचा उल्लेख तिने आपणहून केला. मी फक्त हात वर केला होता.

तेवढ्यात मागचा एक गृहस्थ पुढे सरसावला. "द्या काका, मी काढून देतो." माणूस इतका अदबीने बोलत होता की मी कार्ड पुढे केलेही असते, पण लेकीने मधे हात घातला. अशी मदत करणारा कधी कधी पिन पाहून घेतो आणि त्याच रंगाचे दुसरे कार्ड हातावर ठेवतो, हे तिने मला नंतर समजावले. तो गृहस्थ कदाचित खरोखरच सज्जन असेल. त्याला फक्त आपली पाळी लवकर यावी असे वाटत असेल.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी रक्कम किती काढावी यावर मी विचार करू लागलो, तोच पडद्यावर प्रश्न उमटला, "आणखी वेळ हवा आहे का?" पीक हाती येईपर्यंत चार-चार महिने वाट पाहणाऱ्या माणसाला अर्धे मिनिट थांबून हा प्रश्न विचारण्याचे धाडस केवळ यंत्रच करू शकते. उत्तर दिले नाही तर ते व्यवहार रद्द करते, म्हणून मी घाईने "हो" दाबले आणि दोन हजार लिहिले.

आतून खडखडाट झाला. मळणी यंत्रात दाणा एकीकडे आणि भूस दुसरीकडे पडते, तसेच आतही चालते म्हणे: नोट चिकटलेली किंवा दुमडलेली वाटली, जाडी जास्त भरली, की यंत्र तिला वेगळ्या कप्प्यात टाकते आणि दुसरी उचलते. आधी कार्ड सुटले, मग नोटा आल्या. पैसे हातात पडले की माणूस कार्ड विसरून चालू लागतो, हे ओळखून हा क्रम ठेवला आहे. पैसे घेणाऱ्याचा स्वभाव ज्याने ओळखला, त्याला यंत्र म्हणून हिणवणे मी तेव्हापासून सोडले.

नोटा मी तिथेच दोनदा मोजल्या. चारही पाचशेच्या होत्या आणि मला सुटे हवे होते. मी यंत्राकडे वाकून तसे सांगू लागलो, तेव्हा लेक म्हणाली, "अप्पा, सुटे हवे असतील तर दोन हजारांऐवजी एकोणीसशे लिहायचे. पाचशेच्या तीन देऊन वरचे चारशे त्याला लहान नोटांतच द्यावे लागतात. लहान नोटा संपल्या असतील, तर ते तसे कळवते." ही युक्ती मला इतकी आवडली की बाहेर पडताना मी रांगेतल्या प्रत्येकाला ती थांबून समजावून सांगू लागलो. तो अदबशीर गृहस्थ तेवढा काही न ऐकता आत घुसला आणि काचेतून पाहिले, तर "बचत"पुढचे बटण शोधत तोही गुडघ्यात वाकला होता.