३४ + ५१ = ४९, आणि वर दिलगिरी

‘आपल्या पाल्याच्या प्रगतीपुस्तकात नजरचुकीने त्रुटी राहिली असल्यास शाळा दिलगीर आहे. पालकांनी सहकार्य करावे.’

बास. एवढंच. अर्धा कागद, खाली शिक्का, सही कुणाची ते वाचता येत नाही आणि तारीख टाकलेलीच नाही. मुलीचं नाव नाही, विषय नाही, काय चुकलं होतं आणि आता बरोबर काय आहे याचा एक आकडा नाही. हा कागद वर्गातल्या कुठल्याही पोराच्या दप्तरात घातला तरी खपेल. आणि हे म्हणे माझ्या तक्रारीचं लेखी उत्तर!

लेक सातवीत आहे. सातवीला आकारिक ४० गुणांचं, संकलित ६० चं. गणितात आकारिकला ३४, संकलितला ५१, म्हणजे ८५, श्रेणी अ-२. संकलितची उत्तरपत्रिका घरी आली होती, पहिल्या पानावर लाल शाईत ५१ होते, त्याखाली मी सही करून परत पाठवली. ती उत्तरपत्रिका आजही शाळेच्याच कपाटात आहे. प्रगतीपुस्तक हातात आलं तर त्यात १५. चौतीस अधिक पंधरा एकोणपन्नास, श्रेणी क-२. वर्णनात्मक नोंद: ‘गणिताचा अधिक सराव आवश्यक’. पोरगी रात्रभर रडली. तिला गणित आवडतं हो! उदाहरणं सोडवताना तिला जेवायला हाका मारायला लागतात.

मी पतसंस्थेत हिशेबाला बसते. एक्कावन्नातले पाच आणि एक उलटे पडले हे मला एका नजरेत कळलं. दोन आकड्यांतला फरक नऊने नि:शेष भागला जात असेल तर आधी उलटापालट शोधायची, हे आमच्याकडे नव्या मुलालाही शिकवतात. ५१ वजा १५ छत्तीस, नऊ चोक छत्तीस. झालं काय तेही उघड आहे. विषयाच्या बाईंनी यादी दिली, वर्गशिक्षिकेने ती निकालपत्रकात उतरवली, मग कुणीतरी ते संगणकात भरलं. बेरीज आणि श्रेणी संगणक काढतो, त्यामुळे चुकीच्या आकड्याचीही बेरीज बरोबरच येते आणि कुणाला काही खटकत नाही. मूळ यादी हातात धरून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टिक करायची, एवढंच केलं असतं तर तिथेच सापडलं असतं.

तरी चुकीचा मला राग नाही. खरंच नाही. साठ-पासष्ट पोरांचा वर्ग, त्यात मतदारयाद्यांचं काम, रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची, एखादा आकडा उलटा पडणारच. वर्गशिक्षिका मला भेटल्या आणि सरळ म्हणाल्या, “ताई, माझ्याकडूनच उलटं लिहिलं गेलं, माफ करा, मी पोरीलाही सांगते.” आणि त्यांनी खरोखर वर्गात सगळ्यांसमोर तिला सांगितलं. त्या बाईंबद्दल माझ्या मनात काडीचा किंतू नाही. मी म्हटलं, हेच दोन ओळींत लिहून द्या. तर बाईंचा चेहरा पडला. “कार्यालयातून सांगितलंय, लेखी काही द्यायचं नाही.”

का नाही द्यायचं? तोंडची माफी आठवीच्या प्रवेशाला दाखवायची का मी? आठवीला ती दुसऱ्या शाळेत जाणार. तिथे प्रगतीपुस्तक बघून तुकडी ठरवतात. तिथे बाई नसणार, मी नसणार, फक्त तो कागद असणार.

मग मी अर्ज दिला, तेव्हा कुठे ही चिठ्ठी आली आणि सोबत ‘दुरुस्त केलेलं’ प्रगतीपुस्तक. ते उघडलं आणि डोकं सणकलं. १५ वर व्हाइटनर फासून ५१ लिहिलंय. बस्स. बेरजेच्या रकान्यात ४९ तसेच. श्रेणी क-२ तशीच. ‘अधिक सराव आवश्यक’ तसंच. आता त्या ओळीत चौतीस अधिक एक्कावन्न बरोबर एकोणपन्नास आहेत, आणि ते गणिताच्या रकान्यात! एकूण बेरीजसुद्धा जुनीच. नऊ विषयांचे ७११, शेकडा ७९, श्रेणी ब-१. छत्तीस गुण वाढले की ७४७ होतात, शेकडा ८३, म्हणजे अ-२. एक आकडा बदलला की त्याच्यामागे सहा ठिकाणं बदलतात, हे शाळेला मी सांगायचं?

आणि व्हाइटनर! आमच्याकडे खातेवहीत कुणी व्हाइटनर लावला तर तपासनीस पहिलं बोट तिथेच ठेवतो. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. खाडाखोड लपवली की ती पालकाने घरी केली असा संशय येतो. त्या पांढऱ्या डागाकडे बघून नव्या शाळेतले उद्या हेच म्हणतील की आईने गुण वाढवून आणलेत.

मुख्याध्यापक म्हणतात, “ताई, सातवीचे तर गुण, एवढं काय त्यात? दहावी थोडीच आहे?” दहावीला निदान मंडळाकडे गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. सातवीच्या पोरीने कुणाकडे जायचं? तिला शाळाच आहे, म्हणून तर शाळेने नीट लिहून द्यायला पाहिजे!

आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. पाचवीत तिची उंची दुसऱ्या सत्रात पहिल्यापेक्षा कमी लिहिली होती, कुणी बघितलंसुद्धा नाही. गेल्या वर्षी वडिलांच्या नावात काना गाळला, तो दुरुस्त करायला आम्हालाच आधारची झेरॉक्स मागितली. चूक त्यांची, कागद आमचे. पण फीची स्लिप येते ना, तिच्यावर नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, सगळं अचूक! पैसे मागताना एक अक्षर चुकत नाही. म्हणजे जमतं की यांना.

मी काय मागतेय? पाच-सहा ओळी. मुलीचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. ‘प्रथम सत्र, गणित, संकलित मूल्यमापन: प्रगतीपुस्तकात १५ अशी नोंद झाली होती, उत्तरपत्रिकेनुसार बरोबर गुण ५१ आहेत. गणिताचे एकूण गुण ८५, श्रेणी अ-२. सर्व विषयांचे एकूण ७४७, शेकडा ८३, श्रेणी अ-२. चूक गुण उतरवून घेताना शाळेकडून झाली, विद्यार्थिनीचा त्यात दोष नाही. निकालपत्रक, संचयी नोंदपत्रक व संगणकातील नोंद अमुक तारखेस दुरुस्त केली, वर्णनात्मक नोंदही बदलली. नवीन प्रगतीपुस्तक सोबत देत आहोत. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.’ खाली वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक, दोघांच्या सह्या, तारीख, जावक क्रमांक. झालं! यात कुणाची नोकरी जात नाही, कुणाची पगारवाढ थांबत नाही.

हा मजकूर मी टाइप करूनच नेला, त्यांचं कामही वाचवलं. लिपिकाने तो घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. “तुमचा अर्ज फाइलला लावतो.” फाइलला लावून काय होणार? सोमवारी परत जातेय. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि सही घेतल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठणार नाही, आणि ते व्हाइटनरचं पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवून नवीन घेऊनच येणार.