नफ्याचा आकडा तोच येतो का? शिरोलीतल्या एका मशीन शॉपचा हिशोब मांडून बघू

"छोट्या कारखान्याला कॉस्ट कंट्रोल अकाउंट वगैरे काही लागत नाही. परचेस, पगार, लाईट बिल सरळ खर्चाला टाका, शेवटी स्टॉक मोजून क्लोजिंग घाला, नफा तोच येतो. इंटिग्रेटेड म्हणजे डबल काम, आणि कायद्यानेही कुठे मागितलंय."

असं म्हणणारे बरेच भेटतात. आधी कायद्याचं बोलतो, कारण तिथे त्यांचं अर्धं बरोबर आहे. कंपनी कायद्याखाली कॉस्ट रेकॉर्ड ठेवायची सक्ती ठरावीक उद्योगांना आणि 35 कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असेल तरच, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना त्यातून सूट आहे. पण स्टॉकची किंमत कशी लावायची हे एएस-2 या हिशोबाच्या मानकात आहे आणि तिथे अशी सूट नाही. अर्धवट आणि तयार मालात मटेरियलसोबत मजुरी आणि कारखान्याचा ओव्हरहेड, म्हणजे लाईट-भाड्यासारखा सामाईक खर्चही धरावा लागतो, आणि स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो. म्हणजे क्लोजिंग स्टॉक "मोजून" होत नाही, नग मोजता येतात, त्यांची किंमत कुठून आणणार?

आता डबल कामाचं. डबल काम होतं ते कॉस्टची वही वेगळी आणि फायनान्शियलची वेगळी ठेवली की. मग दोन नफे येतात आणि ते जुळवायला रिकन्सिलिएशन करत बसावं लागतं. इंटिग्रेटेड म्हणजे दोन्ही हिशोब एकत्र, वही एकच. पुरवठादाराचं बिल एकदाच पडतं, फक्त 'परचेस' खात्याऐवजी 'स्टोअर कंट्रोल'ला डेबिट पडतं, बस. जास्तीची खाती पाचेक: स्टोअर, वेजेस, ओव्हरहेड, डब्ल्यूआयपी म्हणजे अर्धवट माल, आणि फिनिश्ड गुड्स म्हणजे तयार माल. वरून महिन्याअखेरीस मोजक्या जर्नल एन्ट्र्या. (टॅलीत Integrate Accounts with Inventory चालू केलं की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण त्याने फक्त स्टॉकची किंमत बॅलन्स शीटला येते, मजुरी आणि ओव्हरहेड आपोआप डब्ल्यूआयपीत जात नाही.)

नफा "तोच" येतो का हे एका महिन्याच्या हिशोबावर बघू. समजा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत पाच मशीनचं शॉप आहे, फाउंड्रीकडून कास्टिंग विकत घेतात आणि मशीनिंग करून विकतात. आकडे गोल केलेत, जीएसटी बाजूला ठेवलाय.

सुरुवातीला स्टोअरमध्ये 2,00,000 चा माल, खरेदी 6,00,000. इश्यू स्लिपप्रमाणे 5,40,000 ची कास्टिंग जॉबवर गेली, ती डब्ल्यूआयपीला डेबिट, आणि कुलंट, ऑईल, इन्सर्ट असं 40,000 चं ओव्हरहेड कंट्रोलला डेबिट, दोन्हीचं क्रेडिट स्टोअर कंट्रोलला. शिल्लक दिसायला हवी 2,20,000. प्रत्यक्ष मोजलं तर 2,05,000.

हा 15,000 चा फरकच सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'परचेस खर्चाला टाका' पद्धतीत तो दिसतच नाही, कारण तिथे किती माल असायला हवा होता हा आकडाच नसतो, जेवढा सापडला तेवढा क्लोजिंग. इथे मात्र शोधावंच लागतं. शोधल्यावर समजा कळलं की 5,000 ऑईल-कुलंटची नेहमीची घट, ती ओव्हरहेडला टाकली. उरलेले 10,000? ब्लो-होल निघालेली कास्टिंग टेम्पोत घालून फाउंड्रीला परत पाठवली, गेट पास झाला, पण डेबिट नोट कुणी काढलीच नाही. मग एन्ट्री फाउंड्रीचं खातं डेबिट, स्टोअर कंट्रोल क्रेडिट. हे नुकसान नाहीच, येणं आहे, आणि नाही शोधलं तर फाउंड्रीचं पूर्ण बिल भरून मोकळे होतो आपण.

पगार 2,00,000. कपाती धरून ग्रॉस रक्कम वेजेस कंट्रोलला डेबिट, आणि तिथून जॉब कार्डप्रमाणे वाटप: 1,45,000 थेट कामाचे डब्ल्यूआयपीला, 40,000 हेल्पर-सुपरवायझरचे ओव्हरहेडला. राहिले 15,000. त्या महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला, ऑपरेटर अडीच दिवस बसून होते, तो पगार आहे हा. तो जॉबच्या अंगावर टाकायचा नाही, थेट नफा-तोट्याला.

ओव्हरहेडमध्ये वरचे 40,000, 5,000 आणि 40,000, शिवाय लाईट 70,000, घसारा 30,000, भाडं-दुरुस्ती आणि मालकाचा पीएफ-ईएसआयचा वाटा मिळून 35,000, एकूण 2,20,000. दर आधीच ठरलेला, महिन्याला 1,100 मशीन तास धरून तासाला 200. चाललं 1,000 तास. म्हणून डब्ल्यूआयपीला 2,00,000 डेबिट, ओव्हरहेड कंट्रोलला क्रेडिट, आणि खात्यात 20,000 उरले. बंद पडलेल्या 100 तासांचेच ते, तेही नफा-तोट्याला. हे पैसे स्टॉकच्या किमतीत घुसवले तर बंद मशीनचा खर्च मालमत्ता म्हणून पुढच्या महिन्यात जातो आणि एएस-2 नेमकं तेच करू देत नाही.

डब्ल्यूआयपी: सुरुवातीचे 80,000 धरून 9,65,000, त्यातले 8,75,000 तयार मालात गेले, शिल्लक 90,000. तयार माल: सुरुवातीचे 1,20,000 धरून 9,95,000, विकलेल्याची कॉस्ट 8,95,000, शिल्लक 1,00,000. विक्री 10,50,000. त्यातून 8,95,000, मग 15,000, 20,000 आणि ऑफिस-विक्रीचे 50,000 वजा केले की नफा 70,000.

आता दुसरी पद्धत. सुरुवातीचा 4,00,000 चा स्टॉक धरून खरेदी, पगार आणि कारखान्याचा बाकी खर्च मिळून 13,35,000, वजा क्लोजिंग 3,95,000, म्हणजे 9,40,000. विक्रीतून तो आणि ऑफिसचे 50,000 गेले की 60,000. दहा हजारांचा फरक, तोच फाउंड्रीवाला. आणि हे सुद्धा मी क्लोजिंगमध्ये 90,000 आणि 1,00,000 हे कंट्रोल अकाउंटमधूनच उसने घेतले म्हणून! ती खाती नसती तर अर्धवट मालाला लोक नुसती कास्टिंगची किंमत लावतात किंवा विक्री किमतीतून अंदाजाने काहीतरी वजा करतात, मग नफा कितीही निघू शकतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरचे 35,000 कुठेच वेगळे दिसत नाहीत, मार्जिन कमी का आलं म्हणून मालक दर वाढवायला निघतो आणि ऑर्डर घालवतो.

ही पद्धत सगळ्यांना सारखीच लागू पडते असं मात्र नाही. कास्टिंग ग्राहकाचंच येत असेल आणि तुम्ही फक्त लेबर जॉब करत असाल तर ते तुमच्या स्टोअर कंट्रोलला किमतीने घ्यायचंच नाही, नुसता नगाचा हिशोब, मजुरी आणि ओव्हरहेडच तेवढे फिरवायचे. आणि जॉब कार्ड शनिवारी आठवून भरत असतील तर डब्ल्यूआयपीचा आकडा कागदावरच राहतो. ते ओळखायचं वेजेस कंट्रोलवरून. महिन्याअखेरीस ते शून्य व्हायला पाहिजे, आणि होत नसेल तर बाकीची खाती बघायच्या आधी हजेरी आणि जॉब कार्डचे तास शेजारी ठेवून बघा, बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो.