गळू रक्तातून नव्हे, टॉवेलवरून फिरते

«घरात वारंवार गळवे येणे हे रक्त बिघडल्याचे लक्षण होय.»

याच समजुतीपायी आमचे एक वर्ष वाया गेले. आधी मुलाच्या मांडीवर, मग माझ्या काखेत, नंतर सासूबाईंच्या पाठीवर गळवे उठत राहिली, आंबे बंद झाले, कडुलिंबाचा रस सुरू झाला. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी गळवाला छेद देऊन पू तपासणीस पाठवला, तेव्हा त्यात एमआरएसए, म्हणजे पेनिसिलिन गटातील नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू निघाला; तोवर आम्ही घेतलेल्या गोळ्या त्याच गटातील होत्या. (सासूबाईंची साखरही तपासली, कारण मधुमेहात गळवे वारंवार येतात, ती ठीक होती.)

हा जंतू काहीही त्रास न देता नाकपुडीत, काखेत किंवा जांघेत राहू शकतो. गळू पिळले की थोडा पू बाहेर येतो, थोडा आतल्या ऊतींत खोल ढकलला जातो आणि उरलेला बोटांना लागून पुढच्या माणसाच्या ओल्या टॉवेलवर जातो. म्हणून डॉक्टरांनी चौघांनाही एकाच वेळी पाच दिवस, दिवसातून दोनदा, नाकात लावायला म्युपिरोसिन मलम आणि अंघोळीसाठी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक दिले, शिवाय प्रत्येकाचा टॉवेल वेगळा करून रोज गरम पाण्यात धुवायला सांगितला. तरीही आठ महिन्यांनी यजमानांच्या हनुवटीवर एक गळू आलेच. मुलगा त्यांचाच रेझर वापरू लागला होता, हे तेव्हा कळले.